ग्राहक पोस्टखाली बसलेला असतो: कायदेविषयक सल्लागाराने कमेंट कशी लिहावी

मोठ्या खात्याच्या पोस्टखाली कमेंट करायची ती त्या खात्याच्या मालकाने आपल्याला ओळखावं म्हणून, असा बहुतेक नवख्यांचा समज असतो. मग "सर, अप्रतिम विश्लेषण" असं लिहिलं जातं, सर त्याला एक लाइक देतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. काम येत नाही, कारण चाळीस हजार फॉलोअर असलेला सीए किंवा उद्योग-प्रशिक्षक तुमचा ग्राहक नसतोच. त्याचे वकील ठरलेले असतात. ग्राहक असतो तो त्याच पोस्टखाली तीन ओळींचा प्रश्न टाकून उत्तराची वाट बघणारा: वागळे इस्टेटमधला पॅकेजिंगवाला, रबाळ्याचा शीटमेटलवाला, तळोज्याचा केमिकलचा व्यापारी. मोठ्या खात्याने त्यांना तिथे गोळा केलेलं असतं, पण प्रत्येकाला उत्तर द्यायला त्या खात्याच्या मालकाला सवड नसते. तुमची जागा तिथे आहे.

पुढचं सगळं लिंक्डइन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण कारखानदार, त्यांचे सीए आणि मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग हे तिघेही तिथे एकत्र सापडतात. उदाहरण एकच घेतो: लघुउद्योगांची अडकलेली बिलं. तुमचं काम सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणाचं असेल किंवा सिडकोच्या भाडेपट्ट्यांचं असेल, तरी रीत तीच राहते. फक्त खाती आणि कलमं बदलतात.

आधी सनदेचं बघा

कमेंट लिहिण्याआधी एक गोष्ट नक्की करा. तुमच्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आहे का? असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ३६ तुम्हाला लागू आहे. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागू नये, जाहिरात करू नये असं तो सांगतो आणि त्यात वैयक्तिक संपर्क साधून काम मागणंही येतं. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढी माहिती द्यायला परवानगी मिळाली, पण त्याच्या पलीकडे दार उघडलेलं नाही. उलट जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवणाऱ्या वकिलांविरुद्ध कडक भूमिका घेतली आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने समाजमाध्यमांवरच्या जाहिरातबाजीबद्दल पुन्हा तंबी दिली.

याचा अर्थ कमेंट करूच नये असा नाही. कायद्यात काय म्हटलं आहे हे सर्वांसाठी समजावून सांगणं वेगळं आणि "अशा केसेस आम्ही करतो, इनबॉक्समध्ये या" हे वेगळं. पहिलं करा. दुसरं सनदधारकाने एकदाही लिहू नये, गंमत म्हणूनही नको, कारण स्क्रीनशॉट कोण कधी काढून ठेवेल ते सांगता येत नाही.

सनद नसेल तर नियम ३६ लागत नाही, पण मोकळं रान आहे असंही समजू नका. सल्ला देणं आणि मसुदे करणं हाही वकिलीचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली परदेशी वकिलांच्या प्रकरणात म्हटलं आहे. त्यामुळे प्रोफाइलवर काम लिहिताना कागदपत्रांची तयारी, वसुलीचा पाठपुरावा, अनुपालन असं जे खरोखर करता तेच लिहा आणि "वकील" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. कंपनी सेक्रेटरी किंवा सीए असाल तर तुमच्या संस्थेची आचारसंहिताही काम मागण्याच्या बाबतीत अशीच कडक आहे.

नावाखालची ओळ

कमेंटच्या वर तुमचं नाव दिसतं आणि नावाखाली प्रोफाइलची पहिली ओळ. मोबाइलवर ती अर्धी कापलेली दिसते. म्हणजे "एलएलबी, एलएलएम, मोटिव्हेटेड लीगल प्रोफेशनल, लाइफलाँग लर्नर" यातलं डिग्र्यांपुढचं बहुतेक कोणाला दिसतच नाही आणि डिग्र्या तर इथे सगळ्यांकडे असतात. पहिल्या सहा-सात शब्दांत विषय आणि गाव येऊ द्या: "लघुउद्योगांची थकीत बिलं आणि करार, ठाणे". सनदधारकाने इथेही वर्णनच ठेवावं. "शंभर टक्के वसुली" छापाचा दावा नको.

प्रोफाइल उघडल्यावर खाली तुमच्या अलीकडच्या कमेंट दिसतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. वसुलीबद्दल उत्तम कमेंट वाचून एखादा कारखानदार तुमच्या प्रोफाइलवर आला आणि तिथे त्याला क्रिकेटवरून किंवा राजकारणावरून घातलेले वाद दिसले, तर तो आल्या पावली परत जातो. ते वाद दुसऱ्या खात्यावर घाला.

खातं निवडताना फॉलोअर बघू नका, खालची गर्दी बघा

खाती शोधायला सुरुवात जवळून करा. वागळे इस्टेटमध्ये ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. अशा संघटनांची पानं आणि त्यांचे पदाधिकारी यांच्यापासून निघा. कार्यक्रमांच्या फोटोंमध्ये कोण वक्ते होते ते बघा. जीएसटीवर बोलणारे सीए, बँकेतून निवृत्त होऊन कर्जसल्ला देणारे, मोठ्या कंपन्यांत पुरवठादार सांभाळणारे अधिकारी अशी नावं तिथूनच हाती लागतात.

मग प्रत्येक खात्याच्या अलीकडच्या तीन पोस्ट उघडा. कमेंटचा क्रम "सर्वात नवीन" असा लावा आणि पोस्ट न वाचता फक्त खालची माणसं वाचा. कमेंट करणाऱ्यांत कारखाना किंवा धंदा असलेली माणसं किती? त्यांतल्या किती जणांनी प्रश्न विचारला आहे? आणि त्या प्रश्नांना उत्तरं मिळाली आहेत का? अनुत्तरित प्रश्न ज्या खात्याखाली पडून आहेत ते खातं तुमच्या कामाचं. सगळ्या कमेंट इतर सल्लागारांच्या असतील आणि एकमेकांची पाठ थोपटणं चाललं असेल, तर दोन लाख फॉलोअर असले तरी ते खातं सोडून द्या. तिथे आपण एकमेकांनाच दिसतो.

अति मोठं खातंही मी टाळतो. चारशे कमेंट पडणाऱ्या पोस्टखाली तुमची कमेंट तळाला जाते आणि तिथपर्यंत स्क्रोल करणारा माणूस बहुधा रिकामटेकडा असतो. वीस-पंचवीस ते पन्नास-साठ कमेंट पडणारं मधलं खातं सगळ्यांत चांगलं. अशी दहा-बारा खाती निवडली की पुरे. प्रत्येकाच्या प्रोफाइलवर घंटेची खूण आहे, ती सुरू करून ठेवा म्हणजे नवी पोस्ट पडली की कळेल. इथल्या बऱ्याच कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे मालकमंडळी त्या दिवशी सकाळी निवांत असतात. शुक्रवारी पडणाऱ्या पोस्टवर माझं जरा जास्त लक्ष असतं, ते एवढ्याचसाठी.

एक पोस्ट, चार कमेंट

आता प्रत्यक्ष लिहूया. समजा, ठाण्यातल्या एका सीएने पोस्ट टाकली आहे: "तुम्ही एमएसएमई आहात? मग तुमचे पैसे ४५ दिवसांत मिळणं हा तुमचा हक्क आहे. नाही मिळाले तर खरेदीदाराला तो खर्च करात वजा मिळत नाही." खाली तीसेक कमेंट आहेत. त्यांतल्या पाच-सहा मालकांच्या आहेत.

पहिली कमेंट, नेहमीची: "फारच उपयुक्त माहिती, सर." कोणाचं काही बिघडलं नाही, पण तुम्ही कोण हेही कोणाला कळलं नाही.

दुसरी: "अशा वसुलीसाठी आम्ही नवी मुंबईतील नामांकित..." ही दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेली स्वतःची पथारी आहे. सीए ती काढून टाकेल आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं की कपाळाला आठी घालेल. सनदधारकाच्या बाबतीत प्रकरण त्याहून पुढे जाऊ शकतं.

तिसरी जास्त फसवी असते: "सर, आपली माहिती अपुरी आहे. कलम २(ब), १५, १६, १७, १८, १९ आणि २४ एकत्र वाचल्यास..." हे खरं असेल, पण त्यातून तुमचा अभ्यास दिसतो आणि वाचणाऱ्याचं बिल तिथेच राहतं. शिवाय यजमानाला चारचौघांत खाली बघायला लावलंत.

चौथी अशी:

"४५ दिवसांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. ४५ ही कमाल मर्यादा आहे आणि ती लेखी करारात मुदत ठरलेली असेल तेव्हाची. लेखी काहीच ठरलं नसेल तर एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. समजा माल ३ एप्रिलला पोहोचला, करार नाही आणि खरेदीदाराने लेखी हरकतही घेतली नाही, तर पैसे १८ एप्रिलपर्यंत यायला हवेत. करारात ६० दिवस लिहिले असले तरी हिशोब ४५ वर थांबतो, म्हणजे १८ मे. मात्र माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली असेल, तर ती दूर झाल्याच्या तारखेपासून दिवस मोजतात. म्हणून डिलिव्हरी चलनावर पोच घेताना शिक्क्याबरोबर तारीख आहे ना, ते बघा. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमला नाही. कराचा भाग सरांनी वर सांगितलाच आहे."

या कमेंटमध्ये काय केलं आहे ते नीट बघा, कारण खरी मेहनत तिथे आहे. पोस्टमधली एकच गोष्ट उचलली: ४५. पोस्टमध्ये ती अर्धी होती, ती पूर्ण केली, पण "चूक" हा शब्द वापरला नाही. कलम एकच सांगितलं. नियम सांगून न थांबता तारखा मांडल्या, कारण मालक कलमं वाचत नाही, तो स्वतःच्या बिलाची तारीख त्या उदाहरणात बसवून बघतो. मग आजच हातात घेता येईल असं एक काम सांगितलं: चलनावरची तारीख. आणि नियम कुठे लागत नाही तेही सांगितलं. हे शेवटचं वाक्य नवख्या सल्लागारांना जड जातं, कारण त्याने काही वाचणारे गळतात. गळू द्या. मध्यम उद्योगाच्या मालकाला फुकाची आशा लावून तुमच्या हाती काही लागत नाही.

कराचा भाग सीएवर सोडला तो फक्त नम्रता म्हणून नव्हे. उशिरा दिलेल्या पैशांची वजावट त्या वर्षी न मिळण्याची तरतूद २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून आली. ती सीएची जागा आहे. तुम्ही त्यात हात घातला नाहीत की त्यालाही तुमच्या कमेंटखाली मोकळेपणाने दोन ओळी लिहाव्याशा वाटतात आणि त्याने उत्तर दिलं की कमेंट वर येते. तो स्वतः तुमचा ग्राहक नसला तरी त्याच्या इनबॉक्समध्ये पडलेला "माझे पैसे अडकलेत" हा निरोप पुढे कोणाकडे पाठवायचा, हे तो अशाच गोष्टींवरून ठरवतो.

लांबीचं म्हणाल तर लिंक्डइनवर कमेंटला १,२५० अक्षरांची मर्यादा आहे. वरची कमेंट तिच्या आत बसते. पण तीन-चार ओळींनंतरचं दुमडलं जातं, म्हणून कामाचं वाक्य पहिल्या दोन ओळींत हवं. "सर्वप्रथम एवढा महत्त्वाचा विषय मांडल्याबद्दल आभार" इथून सुरुवात केलीत तर दुमडलेल्या भागात कलम १५ गाडलं जातं. भाषा पोस्टची असेल ती धरा. इंग्रजी पोस्टखाली कोणी मराठीत प्रश्न विचारला असेल, तर त्याला मराठीतच उत्तर द्या.

पोस्टच चुकीची असेल तर

असं वारंवार होतं, कारण आकडे बदलतात आणि जुन्या पोस्ट नव्याने फिरत राहतात. उद्योगांच्या वर्गवारीच्या मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून बदलल्या. सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत, लघुसाठी पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंत. तरी एक कोटी आणि पाच कोटी हे जुने आकडे अजून दिसतात. एवढीच चूक असेल तर कमेंटमध्ये "१ एप्रिल २०२५ पासूनचे आकडे असे आहेत" इतकंच लिहा. यजमानाला पोस्ट दुरुस्त करायला वाट मिळते. पण पोस्टचा सगळा डोलाराच चुकीच्या गोष्टीवर उभा असेल, तर आधी त्यांना खाजगीत कळवा आणि एक दिवस थांबा. मी बघितलं आहे की अशा निरोपानंतर माणूस बहुतेक वेळा पोस्ट सुधारतो आणि "अमुक यांनी लक्षात आणून दिलं" असं लिहितोही. नाही सुधारली तर गप्प बसा. त्या गर्दीसमोर वाद जिंकून तुमच्या पदरात काही पडत नाही.

तुमची स्वतःची माहितीही पोस्ट करण्याच्या दिवशी ताडून बघा. थकीत बिलाचं हे संरक्षण मिळायला लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची हवी का, या प्रश्नावर २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालाचा आधार घेऊन ठाम "हो" म्हणणाऱ्या कमेंट तुम्हाला शेकड्याने सापडतील. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एनबीसीसीच्या प्रकरणात वेगळं मत मांडून हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. अशा ठिकाणी "सध्या हा प्रश्न मोठ्या खंडपीठापुढे गेलेला आहे, म्हणून नोंदणीची तारीख आधी बघा" असं लिहिणारा सल्लागार वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. समोर दुसरा वकील असेल तर त्याच्या तर नक्कीच.

प्रश्न आला की

तुमच्या कमेंटखाली पहिला खरा प्रश्न येईल तो साधारण असा असेल: "आमचं नऊ लाखांचं बिल अकरा महिने अडकलंय. पीओवर ९० दिवस छापलेत. काही माल रिजेक्ट केला होता असं आता म्हणतात. काही होईल का?"

नवखा सल्लागार इथे दोनांपैकी एक करतो. एक तर "इनबॉक्स करा" म्हणतो, नाही तर त्या तीन ओळींवरच निकाल देऊन मोकळा होतो. दोन्ही नको. मी असं लिहीन:

"साहेब, पीओवर ९० छापले असले तरी कायदा ४५ च्या पुढे जाऊ देत नाही. बाकी दोन तारखांवर अवलंबून आहे: रिजेक्शनचं पत्र किंवा मेल माल मिळाल्यापासून १५ दिवसांत आला होता का, आणि तुमची उद्यम नोंदणी कधीची आहे. दोन्ही कागद बाजूला काढून ठेवा. आणि रिजेक्शनचा आणखी तपशील इथे लिहू नका. ही जागा सगळ्यांना दिसते, खरेदीदारालाही."

शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं आहे. पैसे अडकलेला माणूस वैतागलेला असतो आणि भर कमेंटमध्ये "थोडा माल खराब होता हे मान्य, पण..." असं लिहून बसतो. तोच स्क्रीनशॉट उद्या या कायद्याखाली थकीत बिलांचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेपुढे त्याच्याविरुद्ध येऊ शकतो. त्याला तिथे थांबवणारा पहिला माणूस तुम्ही असलात, तर काम मागायची गरजच राहत नाही. तो किंवा ते वाचणारा दुसराच कोणी आपणहून निरोप पाठवतो. खरेदीदार कंपनीचं नाव कोणी लिहिलंच तर तुम्ही ते तुमच्या उत्तरात उच्चारू नका. बदनामीच्या तक्रारीत तुमचंही नाव यायला तेवढं पुरतं.

कधी प्रश्नाचं खरं उत्तर "तुम्हाला हे लागू नाही" असं असतं. तळोज्याचा तो केमिकलचा व्यापारी घ्या. उद्यम प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे, पण तो माल बनवत नाही, घेऊन विकतो. जुलै २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. थकीत बिलाचं हे संरक्षण त्यांना त्यातून मिळत नाही. त्याला हे सरळ सांगा आणि करारात व्याजाचं कलम असेल तर नेहमीच्या दिवाणी मार्गाने जाता येतं, एवढं जोडा. हे वाचणाऱ्या खऱ्या उत्पादकांना कळतं की हा माणूस प्रत्येकाला हो म्हणत नाही.

निरोप आल्यावर

सनदधारकाने समोरून निरोप येईपर्यंत थांबावं. प्रश्न विचारणाऱ्याला आपण होऊन निरोप पाठवणं म्हणजे नियम ३६ मधला वैयक्तिक संपर्कच. सनद नसलेल्यानेही घाई करू नये असं माझं मत आहे. उत्तर दिल्यावर दहा मिनिटांत कनेक्शनची विनंती आली की आधीच्या चांगुलपणामागचा हिशोब दिसतो.

निरोप आला की पहिला प्रश्न कागदांचा नको. आधी खरेदीदाराचं नाव विचारा आणि ते तुमच्या जुन्या-नव्या कामांत कुठे आहे का ते तपासा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकच मोठी कंपनी पन्नास छोट्यांकडून माल घेते. तिच्याच एखाद्या गटकंपनीचे करार तुम्ही बघत असाल तर समोरच्याने कागद पाठवण्याआधी तुम्हाला ते सांगायला हवं. नाव मोकळं निघालं की मग बिलाची तारीख, लेखी करार किंवा पीओ, चलनाची पोच आणि उद्यम प्रमाणपत्र मागा. फी किती आणि कशाची, हे याच निरोपांत लिहून टाका. परिषदेकडे अर्ज केल्यावर तडजोडीची पायरी आणि मग लवादाची, असा प्रवास आहे. कायद्यात नव्वद दिवस लिहिले असले तरी तेवढ्यात पैसे हातात पडतील असं कोणाला सांगू नका.

पीओवर छापलेली मुदत लेखी करार धरायची की नाही, पुरवठादाराने ती मान्य केली होती का, हे कागद समोर आल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. कमेंटमध्ये जिथे थांबलात ती रेषा हीच होती आणि पैसे घेऊन करायचं काम तिच्या पलीकडे सुरू होतं.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं

लाइक मोजू नका. लाइक बहुतेक तुमच्याच धंद्यातले लोक देतात. एका वहीत प्रत्येक कमेंटसमोर तीन गोष्टी टिपा: कोणाच्या पोस्टखाली, कोणता मुद्दा आणि त्यानंतर मालक किंवा हिशोबनीस प्रकारच्या किती लोकांनी प्रश्न विचारला किंवा प्रोफाइल उघडलं. पाहुण्यांची यादी फुकट खात्यावर अर्धवट दिसते, तरी अंदाज येतो. दोन महिने एखाद्या खात्याखाली लिहूनही एकही मालक वळला नसेल तर तिथली गर्दी तुमची नाही. दुसरं खातं घ्या. प्रश्न येतात पण सगळे "फुकट नोटीसचा नमुना मिळेल का" असेच असतील, तर कमेंटमधला मुद्दा फार वरवरचा आहे. नमुना नेटवर मिळतो, तारखांचा हिशोब मिळत नाही.

आठवड्याला चार-पाच कमेंट पुरतात. त्याहून जास्त लिहायला लागलात की त्याच तीन वाक्यांची अदलाबदल सुरू होते आणि एकाच खात्याखाली तोच मजकूर दोनदा दिसला की लोकांच्या ते लगेच ध्यानात येतं.

आणि दर तीन महिन्यांनी प्रोफाइलमधून आपल्या जुन्या कमेंट उघडून वाचा. मर्यादा, व्याजदर, निकाल यांतलं काही बदललं असेल तर कमेंट दुरुस्त करा. लिंक्डइन तिच्यावर "संपादित" अशी खूण दाखवतं, म्हणून शेवटी दुरुस्तीची तारीख लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचा बँक दर बदलला की थकीत बिलावरचं कलम १६ चं व्याजही बदलतं, कारण ते त्या दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ असतं. त्यामुळे कमेंटमध्ये टक्का न लिहिता "बँक दराच्या तिप्पट" एवढंच लिहिलं, तर तेवढी एक दुरुस्ती कायमची वाचते.